किते, कित्ते, किइते

पुण्यातल्या जपानीच्या वर्गात सेन्सेई मुलांकडे पाठ करून उभ्या आहेत. ओठ पाहून कुणी ओळखू नये म्हणून. प्रत्येक बाकावर कागद आणि कात्री आहे.

"किते कुदासाइ." पुढच्या बाकावरची मुलगी उठून त्यांच्याकडे जाते. अर्थ आहे, 'या'. "कित्ते कुदासाइ." कात्र्या चालतात, हे झालं 'कापा'. "किइते कुदासाइ", म्हणजे 'ऐका', आणि हात कानाशी जातात. अजून कुणीही तोंड उघडायचं नाही.

आता सेन्सेई वेग वाढवतात, क्रमही बदलतात. 'कित्ते'ला कुणी फारसं चुकत नाही. 'आता' आणि 'आत्ता' यांतला फरक मराठी कानाला लहानपणापासून ठाऊक आहे. गोंधळ आहे तो किते आणि किइतेचा. अर्धा वर्ग उठून उभा राहतो, अर्धा कानाला हात लावतो. 'दिन' आणि 'दीन' आपण वेगळे लिहितो, बोलताना मात्र बहुधा सारखेच म्हणतो. मग कान तयार कसा व्हावा?

सेन्सेई बाकावर टिचक्या मारतात. कि-ते, दोन. कि-इ-ते, तीन. मग कित्ते, त्याच्याही तीनच, पण मधल्या टिचकीला आवाज नाही. जीभ दातांमागे टेकलेली, श्वास अडवलेला. जपानी लिपीत त्या गप्प ठोक्यासाठीही एक छोटं अक्षर लिहितात. टिचक्यांसह सावकाश, मग भरभर असं सगळं पुन्हा होतं. लांबी घड्याळावर मोजायची नसते, शेजारच्या ठोक्याशी ताडून पाहायची असते. भरभर बोललेला दीर्घ स्वर सावकाश म्हटलेल्या ऱ्हस्वाएवढाच भरू शकतो. माझ्या मते या वर्गातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

आता कुठे बोलायची पाळी येते. नवी जोडी: युकि म्हणजे बर्फ, यूकि म्हणजे धैर्य. एक मुलगा 'यूकि' म्हणायला जातो आणि म्हणतो 'युकी'. शेजारीण लगेच बर्फाचं चित्र उचलते.

"शेवट नको ओढूस," सेन्सेई म्हणतात, "सुरुवात ओढ. यु-उ-कि."

मराठीत शब्दाच्या शेवटी इकार बहुधा दीर्घच येतो, म्हणून जीभ आपोआप तिकडे वळते. दुसऱ्यांदा तो टिचक्या मारत म्हणतो. शेजारीण क्षणभर थांबते आणि दुसरं चित्र उचलते.

'कोको' म्हणजे इथे, 'कोओकोओ' म्हणजे उच्च माध्यमिक शाळा. देवनागरीत ओकाराला ऱ्हस्व-दीर्घ नाही, त्यामुळे वहीत दोन्ही 'कोको'च उतरतात. जपानी शिकायला बसलात, तर उच्चार देवनागरीत टिपून ठेवू नका. पहिल्या आठवड्यातच हिरागाना शिका.