पेन्शनवर जप्ती येते का?

समजा, निवृत्त शिक्षकाचं क्रेडिट कार्डाचं दोन लाखांचं देणं थकलं आणि बँकेने दावा जिंकला. तरीही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मुळे त्याच्या पेन्शनवर किंवा ग्रॅच्युइटीवर जप्ती येत नाही. पीएफ कार्यालयात जमा असलेली रक्कमही सुरक्षित असते.

खरी अडचण पैसे हाती आल्यावर सुरू होते. त्यांची मुदतठेव केली तर? २००८ मध्ये राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, ठेवीत गेल्याने पेन्शन-ग्रॅच्युइटीचं स्वरूप बदलत नाही. मात्र हे पैसे निवृत्तीचेच, हे दाखवावं लागतं. भाडं, शेतीचे पैसे त्याच खात्यात मिसळले की वाद वाढतो. म्हणून पेन्शनचं खातं वेगळं ठेवावं.