डावीकडे कललेली रेघ

पाणी गोठताना फुगते आणि फुगताना वाटेत येणारे वजन उचलू शकते. ही साधी गोष्ट जेम्स थॉमसन या तरुण इंजिनियरला सतावत होती. त्याचा धाकटा भाऊ विल्यम, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन, त्या वेळी ग्लासगोत प्राध्यापक होता आणि दोघेही फ्रेंच अभियंता सादी कार्नोच्या सिद्धांताने भारावलेले होते. उष्णतेपासून काम मिळवायचे तर एक गरम आणि एक थंड अशा दोन जागा लागतात, तापमानात फरक नसेल तर फुकटचे काम मिळत नाही, हे कार्नोचे म्हणणे.

आता जेम्सची कल्पना अशी. नळकांड्यात शून्य अंशाचे एक किलो पाणी घ्या आणि वर दट्ट्या बसवून त्यावर वजन ठेवा. पाणी गोठवले की एक लिटरचा सुमारे १.०९ लिटर बर्फ होतो आणि वजन वर उचलले जाते. वजन काढून घ्या, बर्फ वितळू द्या, दट्ट्या खाली येईल. पुन्हा वजन ठेवा, पुन्हा गोठवा. गोठणे आणि वितळणे दोन्ही नेमके शून्य अंशालाच होत असेल, तर उष्णता फक्त एकाच तापमानाच्या जागेतून घ्यायची आणि तिथेच टाकायची, आणि तरी प्रत्येक फेरीत काही काम पदरात पडणार. कार्नोनुसार हे अशक्य. मग चूक कुठे? जेम्सने १८४९ मध्ये उत्तर दिले: वजनाखालचे पाणी शून्याला गोठतच नसणार. ते गोठवायला शून्याहून थोडी थंड जागा लागणार आणि मिळालेल्या कामाची किंमत तिथे चुकती होणार.

या युक्तिवादाची गंमत अशी की त्यातून आकडाही निघतो, आणि तोही चार ओळींच्या हिशोबात. एक किलो बर्फ वितळताना ३,३४,००० ज्यूल अप्रकट उष्मा शोषतो. दट्ट्यावर हवेच्या दाबाइतका, म्हणजे एक वातावरण इतका, जादा दाब असेल, तर ०.०९ लिटर फुगताना मिळणारे काम जेमतेम ९ ज्यूल. कार्नोच्या नियमाने उष्णतेचा जो अंश कामात उतरतो, तो तापमानातला फरक भागिले निरपेक्ष तापमान, म्हणजे २७३, यापेक्षा जास्त असू शकत नाही. इतक्या उष्णतेतून ९ ज्यूल काढायचे, तर फरक ०.००७५ अंशाचा लागतो. एका वातावरणाला एवढाच.

पुढच्याच वर्षी विल्यमने हे तपासले. त्याने अतिसंवेदनशील ईथर-तापमापी वापरला आणि बर्फ व पाण्याचे मिश्रण काचेच्या जाड भांड्यात दाबले. १६.८ वातावरण दाबाला गोठणबिंदू फॅरनहाइटच्या ०.२३२ अंशांनी उतरला. भावाच्या हिशोबाने उत्तर यायला हवे होते ०.२२७. कागदावर आधी मांडलेला आणि मग भांड्यात सापडलेला इतका नेमका परिणाम त्या काळी विरळाच.

पाण्याच्या अवस्था-आलेखावर बर्फ आणि द्रव यांच्यामधली जी रेघ असते, तिचा कल म्हणजे हाच हिशोब. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर दाब. रेघेच्या डावीकडे बर्फ, उजवीकडे पाणी, आणि रेघेवर दोघेही एकत्र सुखाने नांदतात. बहुतेक पदार्थांची ही रेघ उजवीकडे झुकते, कार्बन डायऑक्साइडचीसुद्धा. कारण त्यांचे घनरूप द्रवापेक्षा दाट असते आणि दाब वाढला की दाट रूपाची सरशी होते. बर्फातले रेणू मात्र षटकोनी, पोकळ जाळीत उभे असतात. वितळताना ती जाळी कोसळते आणि रेणू जवळ येतात. दाबाला लहान जागेतले रूप हवे असते आणि इथे ते रूप पाण्याचे आहे. म्हणून ही रेघ डावीकडे झुकते.

ती झुकते, पण जवळजवळ उभीच राहते: बर्फाचा द्रवणांक एका अंशाने उतरवायला सुमारे १३४ वातावरण दाब लागतो. स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरशी तुलना केली की हे डोळ्यांत भरते. तिथे एका जादा वातावरणाने उत्कलनांक १०० वरून थेट १२० अंशांवर जातो, कारण वाफ होताना आकारमान शेकडो पटींनी वाढते. बर्फाच्या बाबतीत आकारमानातला बदल चिमूटभर आणि उष्णता भरपूर. बदल लहान, म्हणून दाबाचा जोर लहान.

दहावीच्या विज्ञानातला पुनर्हिमायनाचा प्रयोग या आकड्यांच्या कसोटीवर लावून पाहावा. बर्फाच्या लादीवरून दोन्ही टोकांना वजने बांधलेली तार टाकतात. ती लादीतून आरपार जाते आणि लादी पुन्हा सांधली जाते. तार एक मिलिमीटर जाड, लादी पाच सेंटिमीटर रुंद, एकूण वजन दहा किलो धरले, तर दाब साधारण वीस वातावरण येतो. म्हणजे द्रवणांक उतरला फक्त ०.१५ अंशाने. लादी आधीच शून्याला टेकलेली असते म्हणूनच प्रयोग जमतो. शिवाय वितळायला लागणारी उष्णता दाब देत नाही. तारेच्या वर पाणी पुन्हा गोठते तेव्हा ती बाहेर पडते आणि तारेतून खाली झिरपते. त्यामुळे तांब्याची तार पुढे सरकते, तर उष्णता न वाहणारा नायलॉनचा दोरा मागे रेंगाळतो. घरच्या फ्रीझरमध्ये, उणे अठरा अंशांना, हीच तार जवळजवळ जागेवर बसून राहील. बर्फावर स्केटिंग करणाऱ्याच्या पात्याखाली दाबाने पाणी होते ही लोकप्रिय समजूतही इथेच अडते: त्याच्या वजनाने फार तर काही दशांश अंश मिळतात आणि स्केटिंग उणे दहालाही होते. तिथे घर्षणाची उष्णता आणि बर्फाच्या पृष्ठभागावरचा मुळातच सैल असलेला थर यांचे काम मोठे.

दाबाचा खरा अंमल पाहायचा तर अंटार्क्टिकात जावे. वोस्तोक या रशियन तळाखाली सुमारे ३.७ किलोमीटर बर्फ आहे. १९८३ मध्ये तिथे पृष्ठभागावर उणे ८९.२ अंशांची नोंद झाली. पण बर्फाच्या तळाशी चक्क मोठे सरोवर आहे. एवढ्या बर्फाचे वजन म्हणजे तीनशेहून जास्त वातावरण, म्हणजे जवळपास अडीच अंशांची सूट. विरघळलेल्या हवेमुळे ती किंचित वाढते आणि सरोवराचे पाणी उणे तीनच्या आसपास द्रव राहते. तळाला तिथवर उबदार ठेवते ती जमिनीतून येणारी उष्णता. वरचा जाड बर्फ दुलईसारखा तिला धरून ठेवतो. दाब फक्त उंबरठा खाली आणतो.

या सरोवराचे छत तिरके आहे. उत्तरेला बर्फ सुमारे ४.२ किलोमीटर जाड, दक्षिणेला तळाच्या बाजूला अर्धा किलोमीटर कमी. रेघेच्या कलाने हिशोब केला, तर दोन टोकांच्या द्रवणांकात साधारण एक तृतीयांश अंशाचा फरक पडतो. तेवढा पुरतो. उत्तरेला छत वितळते आणि दक्षिणेला पाणी छताला खालून चिकटून गोठते. वोस्तोकच्या विंधणात सुमारे ३,५३९ मीटर खोलीपासून हाच गोठलेला सरोवराचा बर्फ लागला, आणि ड्रिल प्रत्यक्ष पाण्यापर्यंत पोचण्याच्या, म्हणजे फेब्रुवारी २०१२ च्या, कित्येक वर्षे आधीपासून शास्त्रज्ञ त्यातून सरोवराचा अंदाज घेत होते.

ही रेघ मात्र सरळही नाही आणि अनंतही नाही. दाब वाढतो तसे पाणी बर्फापेक्षा जास्त आवळले जाते, आकारमानातला फरक वाढतो, अप्रकट उष्मा घटतो आणि रेघ अधिक झुकत जाते. सुमारे २,१०० वातावरणाला ती उणे २२ अंशांवर पोचते आणि तिथे संपते. त्यापुढे नेहमीच्या बर्फाची जाळीच टिकत नाही. 'बर्फ तीन' नावाचे, पाण्यात बुडणारे रूप तयार होते आणि रेघ उलट उजवीकडे वळते. गुस्ताव टामान यांनी १९०० च्या सुमारास असली दाट रूपे शोधली आणि पर्सी ब्रिजमन यांनी १९१२ मध्ये त्यांचा आलेख बराच पुढे नेला. त्या आलेखावर सुमारे २२,००० वातावरणाला बर्फ ८२ अंश सेल्सियसपर्यंत घन राहतो. दाब आणखी वाढवला तर तो वितळायचा सोडून अधिकच घट्ट होतो.