‘सरलेलं असो!’

इस्तंबूल असो की अनातोलियातलं एखादं लहानसं गाव, औषधांच्या दुकानात गेलात की काउंटरवरचा माणूस गोळ्यांची पिशवी हातात देताना दोन शब्द हमखास बोलतो: ‘गेच्मिश ओल्सुन’. इस्पितळात रक्त तपासायला घेणारी परिचारिका तेच म्हणते, डॉक्टर तपासणी संपवून उठताना तेच म्हणतात. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या मित्राच्या फोनवर दिवसभर येणाऱ्या संदेशांची सुरुवातही बहुधा याच शब्दांनी होते. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘लवकर बरे व्हा’ असा दिलेला असतो. कामापुरता तो ठीक आहे, पण तुर्की माणूस म्हणतो ते वेगळंच.

‘गेच्मेक’ म्हणजे जाणं, सरणं, ओलांडणं. त्याला ‘मिश’ लागलं की ‘गेच्मिश’, म्हणजे सरलेलं, होऊन गेलेलं. भूतकाळालाही तुर्कीत ‘गेच्मिश’च म्हणतात. ‘ओल्’ म्हणजे असणं किंवा होणं, आणि त्यापुढचं ‘सुन’ म्हणजे आपल्या ‘असो’, ‘होवो’, ‘येवो’ मधला शेवटचा ‘ओ’. म्हणून शब्दाला शब्द ठेवला तर होतं: ‘सरलेलं असो’.

‘बरे व्हा’ म्हणताना आपण रोग्याशी बोलतो. आज्ञार्थ त्याला उद्देशून असतो आणि बरं होण्याचं काम जणू त्याच्याच अंगावर पडतं. तुर्की वाक्यात रोगी कुठेच नाही. इच्छा आहे ती दुखण्याबद्दल. ते जावो एवढंच नव्हे, तर गेलेलं असो, मागे पडलेलं असो. टाके अजून ओले असतात, सलाइन चालू असतं, आणि भेटायला आलेला माणूस त्या सगळ्याला आधीच भूतकाळात बसवून टाकतो. मराठीत याच्या सर्वांत जवळ जातं ते बलिप्रतिपदेचं ‘इडा पिडा टळो’. तिथेही बोलणं माणसाशी नसून पिडेशी असतं. फरक इतकाच, की आपण पिडा टळावी म्हणतो आणि तुर्की माणूस ती टळून गेलेलीच असावी म्हणतो.

रोख दुखण्याकडे असल्यामुळे हे शब्द आजारापुरते राहिलेले नाहीत. गाडीला धक्का बसला, घरात चोरी झाली, पाकीट हरवलं, अवघड परीक्षा देऊन आलात, तुरुंगातून सुटलात, तरी ‘गेच्मिश ओल्सुन’. मात्र मृत्यूच्या घरी हे शब्द चालत नाहीत. गेलेला माणूस ‘सरलेला असो’ कसं म्हणणार? तिथे ‘बाशिनिझ सा ओल्सुन’ म्हणतात, म्हणजे तुमचं डोकं, तुमचा जीव सलामत असो. ६ फेब्रुवारी २०२३च्या भूकंपानंतर तुर्कस्तानात ही दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ऐकू येत होती. घर पडलं पण माणसं वाचली त्यांना पहिलं, ज्यांचं माणूस गेलं त्यांना दुसरं. नवख्याकडून इथे अदलाबदल झाली तर ती फार बोचते.

दुसरी चूक त्या मानाने हसण्यावारी जाणारी. ‘सिहात्लेर ओल्सुन’चा अर्थ ‘आरोग्य लाभो’. तो वाचून पाहुण्याला वाटतं की आजाऱ्याला हेच म्हणायचं. प्रत्यक्षात ते म्हणतात न्हाऊन आलेल्याला किंवा केस कापून आलेल्याला. पित्ताशय काढलेल्या मित्राला ते म्हटलंत, तर तो पोट धरून हसेल, आणि टाके असताना ते बरं नव्हे.

आता तो मित्रच घेऊ. समजा तो इझमीरमध्ये आहे, काल त्याची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली आणि तुम्हाला आज कळलं. शस्त्रक्रियेला तुर्कीत ‘अमेलियात’ म्हणतात. आपला ‘अंमल’ ज्या अरबी शब्दातून आला, त्याच कुळातला हा शब्द. रोगी तो ‘हास्ता’, फारसी ‘खस्ता’चा वंशज, आणि इस्पितळ ‘हास्ताने’. त्या शेवटच्या ‘ने’मध्ये दवाखान्यातला ‘खाना’च दडला आहे.

संदेश असा सुरू करता येतो: ‘जानिम आर्कादाशिम, चोक गेच्मिश ओल्सुन.’ जिवलग मित्रा, खूप खूप सरलेलं असो. ‘जान’ आपल्या ओळखीची आहे, आणि ‘चोक’ म्हणजे खूप. पुढचं वाक्य: ‘अमेलियातिन इयी गेच्मिश, चोक सेविन्दिम.’ तुझी शस्त्रक्रिया चांगली पार पडली म्हणे, फार आनंद झाला. इथे पुन्हा ‘गेच्मिश’ आलं, पण काम वेगळं. वाक्याच्या शेवटी आलेलं ‘मिश’ सांगतं की ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली नाही, मला कळली आहे. आपण त्यासाठी ‘म्हणे’ वापरतो, तुर्की ते क्रियापदातच शिवून टाकते. तिथे हजर नसताना तुम्ही साधा भूतकाळ ‘गेच्ति’ लिहिलात, तर शस्त्रक्रियागृहात उभे राहून पाहिल्यासारखं वाटेल.

शेवटी ‘आजिल शिफालर’ लिहावं, म्हणजे लवकर आराम पडो. ‘शिफा’ उर्दूतून आपल्या कानावर आलेला आहेच. हे वाक्य जरा औपचारिक आहे, कार्यालयातल्या फुलांच्या गुच्छावर शोभणारं, म्हणून जवळच्या मित्राला ते एकटं धाडू नये. श्रद्धाळू माणसं ‘अल्लाह शिफा वेर्सिन’ म्हणतात, देव बरं करो. ‘गेच्मिश ओल्सुन’मध्ये देवाचं नाव नाही, त्यामुळे आस्तिक, नास्तिक, कुठल्याही धर्माचा माणूस ते निर्धास्तपणे म्हणतो.

बातमी महिन्याने कळली तरी संकोच नको. ‘येनी दुय्दुम’, आत्ताच ऐकलं, असं म्हणून तेच दोन शब्द बोलावे. उलट शस्त्रक्रिया उद्यावर असेल तर ‘शिम्दिदेन गेच्मिश ओल्सुन’, आत्तापासूनच सरलेलं असो. न घडलेली गोष्ट आजच होऊन गेल्यासारखी मानण्याची ही सोय खास तुर्कीच. टोमणा मारतानाही हेच शब्द उपयोगी पडतात. गाडी सुटल्यावर धापा टाकत येणाऱ्याला मित्र म्हणतो, ‘गेच्मिश ओल्सुन!’ गेली ती गेली.

भेटायला गेलात तर शब्द आधी रोग्याला, मग त्याच्या उशाशी रात्र काढणाऱ्या ‘रेफाकातची’लाही म्हणायचे, कारण संकट घराचं असतं. पाहुण्याच्या तळहातावर लिंबाच्या वासाचं ‘कोलोन्या’ ओतलं जातं, चॉकलेटचा डबा पुढे येतो. पण फार वेळ बसू नये. आजाऱ्याची भेट थोडक्यात असावी, ही म्हण तिथे सगळ्यांना पाठ आहे.

निघताना मित्र उत्तर देईल, ‘सा ओल’. रोजच्या बोलण्यात याचा अर्थ नुसता ‘आभार’ एवढाच. पण ‘सा’ म्हणजे जिवंत, धडधाकट, आणि ‘ओल’ म्हणजे हो, अस. पोटावर टाके घेऊन पडलेला माणूस भेटायला आलेल्या धडधाकट माणसाला म्हणत असतो: तू सुखरूप राहा.