विश्लेषण : रोमन साम्राज्य लाखोंच्या फौजेचा पगार कुठून भागवत होते?

सम्राट ऑगस्टसच्या काळात रोमकडे कायमस्वरूपी पगारी फौज होती. युद्ध असो वा नसो, तिला वर्षातून तीन हप्त्यांत वेतन द्यावे लागे आणि निवृत्तीनंतर मोठी रक्कमही हातात ठेवावी लागे. या एका खर्चासाठी रोमने नवी तिजोरी उघडली, नवे कर लावले आणि प्रांतांच्या कारभाराची घडी बदलली. ही व्यवस्था कशी चालत होती आणि पुढे ती कशी विस्कटली, याविषयी…

फौजेचा खर्च किती होता?

रोमन फौजेचा कणा म्हणजे ‘लीजन’. एका लीजनमध्ये साधारण ५ हजार सैनिक असत. इसवी सन ९ मध्ये जर्मनीच्या जंगलात तीन लीजन कापल्या गेल्यानंतर साम्राज्याकडे २५ लीजन उरल्या, म्हणजे सुमारे सव्वा लाख सैनिक. प्रत्येकाचे मूळ वेतन वर्षाला २२५ दिनार, अर्थात ९०० सेस्टर्स होते. (चार सेस्टर्स म्हणजे एक दिनार.) ढोबळ हिशेब केला तरी केवळ मूळ वेतनाचे बिल वर्षाला ११ कोटी २५ लाख सेस्टर्स होते. अधिकाऱ्यांना याच्या कितीतरी पट वेतन मिळे. त्याशिवाय जवळपास तेवढ्याच संख्येचे साहाय्यक सैनिक, नौदल आणि रोममधील सम्राटाचे रक्षक दल वेगळे.

या वेतनाचा काही भाग सरकारकडेच परत येत असे. इजिप्तमध्ये सापडलेल्या इसवी सन ८१ च्या एका पपायरसवर दोन सैनिकांचा वेतनाचा हिशेब आहे. त्यातील प्रोक्युलस नावाच्या सैनिकाला एका हप्त्यात २४८ द्राख्मा मिळाले. त्यातून गवताचे १०, अन्नाचे ८०, बूट व पट्ट्यांचे १२, छावणीतील सणाच्या वर्गणीचे २० आणि कपड्यांचे ६० द्राख्मा कापले गेले. एकूण कपात १८२, खात्यात जमा ६६. आजच्या पगारपत्रकासारखाच हा कागद आहे. सैनिकाला लागणारे सामान सरकार पुरवायचे आणि त्याची किंमत त्याच्याच वेतनातून वळती करून घ्यायचे.

निवृत्तीचा पैसा ही डोकेदुखी का ठरली?

ऑगस्टसच्या आधीच्या शतकात निवृत्त सैनिकाला जमीन मिळे आणि ती मिळवून देण्याचे काम त्याच्या सेनापतीचे असे. त्यामुळे सैनिकाची निष्ठा रोमपेक्षा सेनापतीवर जास्त होती आणि त्यातूनच यादवी युद्धे पेटत राहिली. ऑगस्टस स्वतः याच मार्गाने सत्तेवर आला होता, त्यामुळे धोका त्याला चांगलाच ठाऊक होता. इसवी सनपूर्व ३० आणि १४ मध्ये त्याने निवृत्त सैनिकांसाठी पैसे मोजून जमिनी घेतल्या. त्यासाठी इटलीत सुमारे ६० कोटी आणि प्रांतांत २६ कोटी सेस्टर्स खर्च केल्याची नोंद त्याने स्वतःच करून ठेवली आहे. हा खर्च कायम झेपणारा नव्हता.

म्हणून जमिनीऐवजी रोख रक्कम ठरली. सामान्य सैनिकाला २० वर्षांच्या सेवेनंतर १२ हजार सेस्टर्स, म्हणजे १३ वर्षांहून अधिक काळाचे मूळ वेतन. ही रक्कम सेनापतीने नव्हे, तर सरकारी तिजोरीने द्यायची. त्यासाठी इसवी सन ६ मध्ये स्वतंत्र ‘लष्करी तिजोरी’ सुरू झाली आणि ऑगस्टसने आपल्या खासगी संपत्तीतून तिच्यात १७ कोटी सेस्टर्स भरले. प्रत्येक लीजनमधून वर्षाला फक्त १०० जण निवृत्त होतात असे धरले, तरी २५ लीजनसाठी दरवर्षी ३ कोटी लागतात. म्हणजे हे भांडवल सहा वर्षेही पुरले नसते. नियमित उत्पन्न हवे होते.

वारसा कर कसा आला?

इसवी सनपूर्व १६७ मध्ये मॅसिडोनियाच्या लुटीने तिजोरी भरल्यापासून इटलीतील रोमन नागरिक थेट कर भरत नव्हते. ऑगस्टसने या सवलतीला हात घातला. वारशाने मिळणाऱ्या संपत्तीवर ५ टक्के आणि लिलावातील विक्रीवर १ टक्का कर बसवला. वारसा करातून जवळचे नातलग व गरीब यांना सूट होती. तरीही श्रीमंत सिनेटर नाराज झाले आणि इसवी सन १३ मध्ये विरोध फारच वाढला. तेव्हा ऑगस्टसने त्यांनाच सांगितले, ‘तेवढेच उत्पन्न देणारा दुसरा मार्ग सुचवा.’ त्याच वेळी त्याने जमिनी व घरांची मोजणी करायला माणसे पाठवली. आता थेट मालमत्तेवर कर बसणार या भीतीने सिनेटरांनी वारसा कर मुकाट्याने मान्य केला. ही हकीकत इतिहासकार कॅसियस डिओने नोंदवली आहे.

तिजोरी तरीही तुटपुंजीच राहिली. इसवी सन १४ मध्ये ऑगस्टसचा मृत्यू होताच डॅन्यूब आणि ऱ्हाइन नद्यांच्या सीमेवरील लीजननी बंड केले. तीस-चाळीस वर्षे सेवेतून सोडत नाहीत आणि सोडलेच तर दलदल किंवा खडकाळ डोंगर ‘जमीन’ म्हणून देतात, ही त्यांची तक्रार होती. निवृत्ती लांबवली की देणे लांबते, हा सरकारचा सोपा उपाय होता. पुढच्याच वर्षी लोकांनी १ टक्क्याचा कर रद्द करण्याची मागणी केली, तेव्हा लष्करी तिजोरी त्यावरच चालते, असे सम्राट टायबेरियसने स्पष्ट केले.

प्रांतांची घडी कशी बसवली?

नव्या तिजोरीतून निवृत्तीचा प्रश्न हाताळला गेला. रोजच्या वेतनाचा मोठा भार मात्र प्रांतांवर होता. पूर्वी अनेक प्रांतांत कर वसुलीचा मक्ता दिला जाई. मक्तेदार रोमला ठरलेली रक्कम भरत आणि प्रांतातून जमेल तेवढे ओरबाडत. ऑगस्टसच्या काळापासून शेतसारा आणि डोईपट्टी यांसारख्या थेट करांतून मक्तेदार मागे पडले; जकातीत ते आणखी बराच काळ टिकले. थेट करांचा आकडा आता शिरगणतीवरून ठरू लागला आणि वसुलीची जबाबदारी स्थानिक शहरे व गावांवर आली.

दुसरा बदल अधिकारांच्या वाटणीचा होता. फौज असलेल्या बहुतेक प्रांतांत सम्राटाने नेमलेला राज्यपाल लष्कर आणि न्यायनिवाडा पाहत असे, तर पैशाचा कारभार ‘प्रोक्युरेटर’ या वेगळ्या पगारी अधिकाऱ्याकडे असे. सैनिकांचे वेतनही त्याच्याच हातून जाई. तो राज्यपालाला नव्हे, थेट सम्राटाला उत्तरदायी होता. ज्याच्या हाती तलवार त्याच्या हाती थैली नको, असा हा हिशेब होता.

सर्वसामान्यांवर भार किती पडत होता?

याचा सर्वांत तपशीलवार पुरावा इजिप्तमध्ये मिळतो, कारण तिथल्या कोरड्या वाळूत सरकारी कागद टिकून राहिले. तिथे दर १४ वर्षांनी घरोघरची शिरगणती होई. १४ वर्षांच्या मुलापासून साठी ओलांडेपर्यंतच्या पुरुषांवर डोईपट्टी बसे. रोमन नागरिक आणि अलेक्झांड्रियाचे नागरिक यांना ती माफ होती. फायुम भागात गावकऱ्याला वर्षाला साधारण ४० द्राख्मा भरावे लागत, तर जिल्ह्याच्या मुख्य शहरातील नोंदणीकृत रहिवाशांना २०. इजिप्तमधील द्राख्मा साधारण एका सेस्टर्सच्या बरोबरीचा होता. म्हणजे एका सैनिकाच्या मूळ वेतनासाठी २२-२३ गावकऱ्यांची डोईपट्टी लागत असे. शेतीवरील धान्याचा सारा त्याहून वेगळा.

पैसा फक्त गावांतून येत नव्हता. भारतातून येणारी मिरी, हस्तिदंत आणि कापड यांच्यावर रोमन हद्दीत तब्बल २५ टक्के जकात होती. केरळच्या मुझिरिस बंदराचा उल्लेख असलेला दुसऱ्या शतकातील एक पपायरस व्हिएन्नात आहे. त्यात ‘हर्मापोलोन’ नावाच्या एकाच जहाजावरील मालाचे मूल्य सुमारे ६९ लाख द्राख्मा नोंदले आहे. त्याचा चौथा हिस्सा म्हणजे १७ लाखांहून अधिक, अर्थात १,९०० सैनिकांचे ऑगस्टसच्या दराने वर्षभराचे मूळ वेतन! कल्याण, पैठण आणि तेर यांचा उल्लेख पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात आहे, तोही याच व्यापाराच्या संदर्भात.

वसुली कुठे बिघडत होती?

गावाचा आकडा शिरगणतीवर ठरे, पण माणसे मधल्या काळात मरत किंवा परागंदा होत. सम्राट नीरोच्या काळात फायुममधील सहा गावांच्या डोईपट्टी वसुलदारांनी इजिप्तचा राज्यपाल बाल्बिलस याच्याकडे अर्ज केला. पूर्वी भरलेली गावे आता रिकामी झाली आहेत, काही जण कर झेपेना म्हणून पळाले, काही मेले, अशी त्यांची तक्रार होती. पळालेल्यांचा भार मागे उरलेल्यांवर पडला की आणखी माणसे पळत. अशी रिकामी होत जाणारी गावे, ही कर जास्त झाल्याची पहिली खूण होती.

दुसरी खूण बंडाची. आजच्या नेदरलँड्सच्या किनारी राहणाऱ्या फ्रिझियन लोकांकडे पैसा नव्हता, म्हणून त्यांच्यावर फौजेसाठी बैलाची कातडी देण्याचा हलका कर होता. कातडे किती मोठे हवे, हे कुणी ठरवले नव्हते. पुढे ओलेनियस नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने रानबैलाच्या कातड्याचे माप लावले. फ्रिझियनांची पाळीव गुरे लहान चणीची होती. कर भरण्यासाठी त्यांनी आधी गुरे दिली, मग जमिनी आणि शेवटी बायका-मुले गुलामीत गेली. इसवी सन २८ मध्ये त्यांनी वसुली करणाऱ्या सैनिकांनाच फासावर लटकवले. ते बंड मोडताना १,३०० रोमन सैनिक प्राणाला मुकले. कराच्या दरात काहीच बदल झाला नव्हता, बदलले होते ते मोजमाप.

व्यवस्था विस्कटली कशी?

सम्राटांची गादी फौजेच्या मर्जीवर टिकू लागली, तसे वेतन वाढत गेले. पहिल्या शतकाच्या अखेरीस डोमिशियनने ते ३०० दिनार केले. पुढे सेव्हेरस आणि त्याचा मुलगा कॅराकॅला यांनी मोठ्या वाढी दिल्या. कॅराकॅलाने इसवी सन २१२ मध्ये साम्राज्यातील जवळपास सर्व मुक्त रहिवाशांना नागरिकत्व दिले आणि वारसा कर १० टक्के केला. नागरिक वाढले की वारसा कर भरणारे वाढतात, हाच त्यामागचा हेतू असल्याचे डिओ म्हणतो.

तेही पुरेना, तेव्हा नाण्यांतील चांदी कमी केली गेली. इसवी सन २६० च्या दशकाअखेर ‘चांदीच्या’ नाण्यात चांदी नावापुरती उरली. सैनिकाला नाणी मिळत, पण त्यांत बाजारातून विकत काय येणार? त्यामुळे वेतनाचा वाढता हिस्सा धान्य, मांस आणि कपडे या स्वरूपात थेट गावांतून घेतला जाऊ लागला.

इसवी सन २८४ मध्ये गादीवर आलेल्या डायोक्लेशियनने या वस्तुरूप वसुलीलाच नियमाचे रूप दिले. जमीन आणि माणसे मोजून प्रत्येक भागाचा वाटा ठरवला आणि प्रांतांची संख्या जवळपास दुप्पट करून ती शंभराच्या घरात नेली, म्हणजे प्रत्येक अधिकाऱ्याला आपल्या हद्दीतील वसुलीवर जवळून लक्ष ठेवता येईल. फौजेचे पोट भरण्याची सोय झाली. मात्र सैन्य आणि अधिकारी, दोन्हींचा भार त्याच शेतकऱ्यांवर आला. त्या काळचा लेखक लॅक्टँटियस हा सम्राटाचा कट्टर विरोधक होता. त्याचा टोला असा, की आता कर भरणाऱ्यांपेक्षा करावर जगणारेच जास्त झाले आहेत.