जुन्या इन्व्हर्टरला लिथियम बॅटरी चालेल का?

घरातल्या ट्यूब्युलर बॅटरीने मान टाकली की दुकानदार हल्ली दोन पर्याय पुढे ठेवतो. एक म्हणजे पुन्हा तशीच १५० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी. दुसरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी. ती बरीच महाग असते, पण दुकानदार म्हणतो, ‘इन्व्हर्टर तोच राहू द्या, नुसत्या वायरी बदलून लावा.’ हे काही घरांत खरं ठरतं, काहींत नाही. तुमच्या घरात ठरेल की नाही, हे नवी बॅटरी विकत घेण्याआधीच तपासता येतं.

आधी दोन्ही बॅटऱ्यांच्या पोटात काय चालतं ते पाहू. लेड-ॲसिड बॅटरीत एक प्लेट लेड डायऑक्साइडची, दुसरी सच्छिद्र शिशाची आणि मध्ये पातळ सल्फ्युरिक ॲसिड. वीज खर्च होते तसं दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं आणि ॲसिड पाणचट होत जातं. चार्जिंगमध्ये हे सगळं उलटं घडतं. पण बॅटरी अर्धवट रिकामी ठेवली, तर ते सल्फेट कडक खड्यांसारखं जमतं आणि पुन्हा विरघळत नाही. बॅटरी ‘धरत नाही’ असं आपण म्हणतो, त्याचं एक मोठं कारण हेच. म्हणून शिशाच्या बॅटरीला वापरानंतर लगेच आणि काठोकाठ भरावं लागतं.

एलएफपीमध्ये प्लेट विरघळून पुन्हा जमण्याचा प्रकारच नाही. लिथियमचे आयन एका बाजूच्या आयर्न फॉस्फेटच्या स्फटिकातून निघून दुसऱ्या बाजूच्या ग्राफाइटच्या थरांत शिरतात आणि वापराच्या वेळी परत येतात. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ आणि अक्षय पाढी यांच्या गटाने १९९७ मध्ये या पदार्थावरचं संशोधन प्रसिद्ध केलं. यात ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो. त्यामुळे मोबाइलमधल्या नेहमीच्या लिथियम बॅटरीपेक्षा ही तापून पेट घेण्याची शक्यता बरीच कमी असते. आणि ती अर्धी भरलेली राहिली तरी तिचं काहीच बिघडत नाही.

चार्जिंगच्या गरजाही यातूनच वेगळ्या होतात. बारा व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीला साधारण १४.४ व्होल्टपर्यंत चढवतात, तिथे काही तास धरून ठेवतात आणि मग १३.५ ते १३.८ वर कायम टेकवून ठेवतात. पाण्याच्या बॅटरीसाठी काही इन्व्हर्टर अधूनमधून व्होल्टेज १५ च्याही वर नेतात. त्याने बुडबुडे उठतात, खाली बसलेलं दाट ॲसिड ढवळलं जातं आणि मागे राहिलेला सेल भरून निघतो. डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं ते याच बुडबुड्यांपायी. एलएफपीत मात्र ३.२ व्होल्टचे चार सेल असतात आणि एका सेलची कमाल मर्यादा ३.६५ व्होल्ट, म्हणजे चारांची मिळून १४.६. त्यापलीकडे तिला काही नको. १५ व्होल्टचा तो डोस शिशासाठी औषध आहे, एलएफपीसाठी घातक.

हा धोका अडवायला एलएफपीच्या डब्यात बीएमएस नावाचं सर्किट बसवलेलं असतं. प्रत्येक सेलवर त्याची नजर असते. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं किंवा करंट फार झाला की ते बॅटरीचा संबंध तोडून टाकतं. जुन्या इन्व्हर्टरची खरी अडचण इथे सुरू होते. इन्व्हर्टर व्होल्टेज चढवत राहतो, बीएमएस तोडतो, इन्व्हर्टरला वाटतं बॅटरीच निघाली आणि तो बीप मारायला लागतो. उलट बाजूनेही असंच होतं. बॅटरी फार उतरून बीएमएसने तोडली, तर टर्मिनलवर व्होल्टेज दिसत नाही. वीज परत येते, पण समोर बॅटरीच नाही असं समजून बरेच जुने इन्व्हर्टर चार्जिंग सुरूच करत नाहीत.

तपासणीसाठी साधा मल्टिमीटर पुरतो. इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडायचं बटण असेल, तर ते ‘ट्यूब्युलर’वरून ‘एसएमएफ’ किंवा ‘जेल’वर आणा. त्यात चढाव कमी असतो आणि १५ व्होल्टचा डोस सहसा नसतो. मग आहे त्याच बॅटरीवर दिवसभर चार्जिंग चालू असताना टर्मिनलवरचं व्होल्टेज थोड्या थोड्या वेळाने बघत राहा. कमाल आकडा १४.४ च्या आत राहिला आणि बॅटरी भरल्यावर १३.८ च्या खाली आला, तर बहुधा निभेल. १४.६ ओलांडला तर त्या इन्व्हर्टरवर एलएफपी लावू नये. जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या इन्व्हर्टरांचा चार्जिंग करंट एकसारखा नसतो, धक्क्याधक्क्याने येतो. मीटर सरासरी दाखवतो, शिखर त्याहून वर असतं. म्हणून थोडी जागा राखलेली बरी. मोडीत निघालेल्या बॅटरीवर घेतलेला आकडा मात्र फसवा असतो. चाचणीसाठी धड बॅटरी लावावी.

आता एक घर घेऊ. तीन पंखे, चार एलईडी ट्यूब आणि राउटर मिळून ३०० वॅट. इन्व्हर्टरमधला तोटा धरून बॅटरीतून सुमारे ३७५ वॅट, म्हणजे ३० अँपिअरच्या आसपास ओढले जातात. १५० अँपिअर-अवर हा आकडा बॅटरी २० तासांत सावकाश रिकामी केली तरचा असतो. ३० अँपिअरला ती १२० च्या आसपासच देते आणि आयुष्य टिकवायचं तर त्यातलेही ८०-९० वापरावेत. म्हणजे अडीच-तीन तास. १०० अँपिअर-अवरची एलएफपी १२८० वॅट-अवर साठवते. त्यातली ९० टक्के निर्धास्त वापरली तरी तीन तास निघतात. म्हणून १५० च्या जागी १०० ची एलएफपी बरोबरीची ठरते. शिवाय पन्नास-साठ किलोंच्या जागी दहा-बारा किलो वजन.

भरण्याच्या वेगाची जाहिरात मात्र जुन्या इन्व्हर्टरवर खरी ठरत नाही. एलएफपी ४०-५० अँपिअरने आरामात भरली असती, पण असा इन्व्हर्टर बहुधा १२ च्या आसपासच देतो. तरी फायदा होतो. शिशाची बॅटरी शेवटच्या पाचव्या हिश्शासाठी तासन् तास घेते, एलएफपी जवळपास अखेरपर्यंत त्याच वेगाने घेत राहते. वरच्या घरात एलएफपी सात-आठ तासांत भरेल, शिशाची दहा-बारा तासांत. दिवसातून दोनदा वीज जात असेल तर हा फरक जाणवतो.

इन्व्हर्टरवरच्या बॅटरीच्या काड्या मात्र विसराव्या लागतात. ९० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत एलएफपीचं व्होल्टेज जेमतेम पाव व्होल्टने उतरतं. त्यामुळे पडद्यावर भरलेली दिसणारी बॅटरी अचानक बंद पडू शकते. खरेदी करताना बीएमएस किती अँपिअरचा, हेही विचारून घ्यावं. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर ७० अँपिअर ओढू शकतो, तिथे ५० चा बीएमएस पंपाचं किंवा मिक्सरचं बटण दाबताच तोडेल. आणि जुनी शिशाची बॅटरी ‘तेवढाच आधार’ म्हणून एलएफपीला समांतर कधीच जोडू नये.

माझं मत विचाराल तर महिन्यातून एखाद-दोनदा तासभर वीज जाणाऱ्या घराने ट्यूब्युलरच घ्यावी. सदैव भरलेली राहणं शिशाला मानवतं. एलएफपी मात्र उन्हाळ्याच्या उकाड्यात कायम शंभर टक्के भरून ठेवली, तर न वापरताच म्हातारी होते. रोज तीन-चार तास भारनियमन सोसणाऱ्या घरात हिशेब उलटा आहे. तिथे शिशाची बॅटरी पुरती भरायच्या आत पुन्हा उपसली जाते आणि दोन-तीन वर्षांत सल्फेटने मरते. अशा घराने एलएफपी घ्यावी, आणि इन्व्हर्टर चाचणीत नापास झाला तर लिथियमची सोय असलेला नवा इन्व्हर्टरही त्याच खर्चात धरावा. जुनी बॅटरी ॲसिडसकट दुकानदाराला परत द्यावी. शिशाला चांगला भाव असतो, नव्या खरेदीत तेवढी सूट मिळते.