विषमता का टिकते? : निबंधाचा आराखडा

प्रस्तावनेत प्रश्न नेमका मांडावा : विषमता निर्माण कशी झाली हा नव्हे, तर ती पिढ्यान्‌पिढ्या का टिकते, हा.

पहिला भाग प्रकार्यवादाला द्यावा. किंग्जली डेव्हिस आणि विल्बर्ट मूर यांनी १९४५ मध्ये मांडले की काही कामे समाजाला अधिक महत्त्वाची असतात आणि ती करू शकणारे थोडे असतात. डॉक्टर होण्यासाठी वर्षानुवर्षे शिकावे लागते. मोबदला जास्त नसेल तर ते कष्ट कोण घेईल?

दुसऱ्या भागात मेल्विन ट्यूमिन यांचा १९५३ चा आक्षेप घ्यावा : महत्त्व ठरवायचे कशाने? शिवाय गरिबाघरच्या मुलाला संधीच मिळत नसेल, तर गुणवत्ता थोड्यांकडेच आहे हे कळणार कसे?

इथून संघर्षवादाकडे वळता येते. मार्क्सच्या मते उत्पादनसाधनांची मालकी ज्यांच्याकडे, त्यांच्याच हितानुसार कायदे आणि विचार घडतात. संपत्ती वारशाने जाते, म्हणून विषमताही टिकते.

उदाहरण म्हणून गटारसफाई घ्यावी, आणि त्यावर सविस्तर लिहावे. हे काम थांबले तर शहरात रोगराई पसरेल. तरीही वेतन तुटपुंजे, जीवाला धोका, आणि काम बहुतांशी दलितांच्याच वाट्याला. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच दाखवले होते की जातिव्यवस्था केवळ श्रमांची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी करते. प्रकार्यवादाला इथे उत्तर सापडत नाही. मात्र मालमत्ता सरकारी असलेल्या सोव्हिएत संघातही पक्षाधिकाऱ्यांना विशेष सवलती होत्या, ही मार्क्सवादी मांडणीची अडचणही नोंदवावी.

निष्कर्षात स्पष्ट कौल द्यावा : वेतनातला काही फरक प्रकार्यवाद समजावतो, पण वारशाने चालणारी विषमता संघर्षवादच अधिक नीट उलगडतो.