मळमळीची गोळी रात्रीच का?

सातव्या आठवड्यात सकाळी ब्रश तोंडात घातला की उलटी. मग घाईने गोळी, आणि ‘काही उपयोग नाही’ ही तक्रार. चूक बहुधा वेळेची असते. डॉक्सिलामाइन आणि पायरिडॉक्सिन (बी-६ जीवनसत्त्व) यांची ही गोळी पोटात सावकाश विरघळते. रात्री घेतली तर सकाळी कामाला येते. प्रत्येकी १० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या झोपताना, रिकाम्या पोटी, न चावता घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारीही मळमळ राहिली, तर डॉक्टर तिसऱ्या दिवसापासून सकाळी एक वाढवतात, लागलीच तर पुढे दुपारी आणखी एक. दिवसाला चारच्या वर नाही. दुप्पट ताकदीच्या गोळ्याही मिळतात, म्हणून पाकिटावरचा आकडा वाचावा. झोप येते, स्कूटर चालवू नये.

त्रास सौम्य असेल तर आलं किंवा नुसतं बी-६ पुरतं. गोळीनेही भागलं नाही, तर मेटोक्लोप्रमाइड, ऑन्डान्सेट्रॉन वगैरे डॉक्टरांनी ठरवावं.

‘पहिले तीन महिने असंच असतं’ हे सासूबाईंचं म्हणणं बहुतेकदा खरं. पण दिवसभर पाणीही टिकत नसेल, आठ तास लघवी झाली नसेल किंवा ती गडद होत असेल, चक्कर, ताप, पोटदुखी असेल, उलटीत रक्त दिसलं किंवा वजन उतरू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तिथे बहुधा सलाईन लागतं.